दोन कंपन्या एक होताना: आपल्या लिफ्टची सेवा, संपर्क आणि दर

दि. १२ जून

प्रति,
देखभाल करार असलेले सर्व ग्राहक

सप्रेम नमस्कार,

आपल्या इमारतीतल्या लिफ्टची देखभाल आजवर आमच्या दोन कंपन्यांपैकी एक करत आली आहे. येत्या १ जुलैपासून या दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण होऊन एकच कंपनी होत आहे. आपण दोघांपैकी कोणाचेही ग्राहक असाल, तरी हे पत्र आपल्यासाठी आहे.

बातमी बाहेर पडल्यापासून बरेच फोन आले. आमचा नेहमीचा माणूसच येणार ना? रात्री लिफ्ट अडकली तर फोन कुठे करायचा? आणि आता दर वाढणार का? बहुतेकांनी हेच विचारले. म्हणून उत्तरे आधी देतो. माणूस तोच येईल. फोन त्याच क्रमांकावर करायचा. चालू करार संपेपर्यंत, करारात आधीच ठरलेली वाढ सोडली तर, दरात काहीही वाढ होणार नाही.

आता सविस्तर सांगतो.

मी या कामात तंत्रज्ञ म्हणून आलो. पूर्वी ज्या कंपनीत होतो, ती दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि एका आठवड्यात सगळ्यांच्या इमारती बदलून टाकल्या. मला ज्या लिफ्ट दिल्या, त्यातली एकही मी आधी पाहिलेली नव्हती. एका जुन्या लिफ्टचा ब्रेक थंडीत जरा उशिरा सुटायचा, हे माझ्या आधीच्या माणसाला तोंडपाठ होते. मला ते कोणी सांगितले नव्हते. एके सकाळी एक आजी पाऊण तास आत अडकल्या. त्यांना बाहेर काढले तेव्हा त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. लिफ्टची माहिती जेवढी कागदावर असते, तेवढीच ती सांभाळणाऱ्याच्या हातात असते, हे मी त्या दिवशी शिकलो. या विलीनीकरणाची बोलणी सुरू झाली तेव्हा माझी पहिली अट तीच होती: तंत्रज्ञांच्या इमारती बदलायच्या नाहीत.

ती अट मान्य झाली आहे. दोन्हीकडचे सगळे तंत्रज्ञ कामावर राहतील आणि पुढचे किमान एक वर्ष आपापल्याच इमारती सांभाळतील. कोणी रजेवर गेला किंवा नोकरी सोडून गेला, तर नवा माणूस आधी जुन्यासोबत दोन सर्व्हिसिंग करेल आणि मगच एकटा येईल. मशीन रूममधली नोंदवही आहे तिथेच राहील, तीच पुढे चालेल. कृपया ती कोणालाही नेऊ देऊ नका, आमच्या माणसालाही नाही.

पर्यवेक्षकांच्या बाबतीत मात्र सगळेच तसेच राहील असे म्हणता येत नाही. काही भागांत दोन्ही कंपन्यांचे पर्यवेक्षक होते आणि त्यांतल्या काहींना आता सुट्या भागांच्या विभागात घेतले आहे. ज्यांचा पर्यवेक्षक बदलतो आहे, त्यांना जुना आणि नवा असे दोघेही ३० जूनच्या आत प्रत्यक्ष येऊन भेटतील. आपल्याकडे कोणी आले नाही, तर आपला पर्यवेक्षक बदललेला नाही असे समजा.

तक्रारीसाठी लिफ्टच्या आत लावलेल्या पाटीवरचा क्रमांक २४ तास चालू राहील. दोन्ही कंपन्यांचे क्रमांक आम्ही ठेवले आहेत आणि दोन्ही एकाच नियंत्रण कक्षात वाजतील. तिथे माणूसच फोन उचलेल. आत कोणी अडकले असेल तर तेवढेच आधी सांगा. ग्राहक क्रमांक, कराराचा प्रकार हे सगळे नंतर विचारले जाईल. आणि एक विनंती, जी मी प्रत्येक पत्रात करतो: लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली असेल तर दार ओढून उघडू नका आणि आतल्या माणसाला उडी मारायला सांगू नका. लिफ्टखालच्या मोकळ्या जागेतून तो थेट खाली पडू शकतो. आत हवा पुरेशी असते. त्याच्याशी बोलत राहा, आम्ही निघालेलो असतो.

दरांबद्दल. सुटे भाग धरून केलेला करार असो वा सुटे भाग वगळून केलेला, आपला करार आहे तसा नव्या कंपनीवर बंधनकारक आहे. पुन्हा सही करायची गरज नाही. वर्षाचे पैसे आगाऊ भरले असतील तर ते जमा धरले आहेत. बदललेल्या भागांची हमी उरलेल्या मुदतीपर्यंत चालेल. ठरलेली सवलतही तशीच राहील. करार पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत केव्हाही संपत असेल, तर नूतनीकरण आत्ताच्याच दराने होईल. वाढ झालीच तर आपल्या करारात वाढीचे जे कलम आधीपासून आहे, तेवढीच. त्यानंतरचे दर काय असतील याचे वचन मी आज देत नाही, पण बदल असेल तर तो करार संपण्याच्या किमान ९० दिवस आधी लेखी कळवू.

कराराबाहेरच्या कामाची मजुरी दोन्ही कंपन्यांत वेगळी होती. १ जुलैपासून प्रत्येक कामासाठी दोघांतला कमी दर सगळ्यांना लागू होईल. ज्यांच्या काही लिफ्ट एका कंपनीकडे आणि काही दुसरीकडे आहेत, त्यांनी करार एकत्र करायलाच हवेत असे नाही. ज्यांना करायचे असतील त्यांच्यासाठी जास्त सोयीची अट असेल ती ठेवू.

बिलावरचे नाव, तंत्रज्ञांचे ओळखपत्र आणि गणवेश बदलतील. बँक खाते मात्र बदलणार नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण कंपन्या एक होत असताना ‘आमचे खाते बदलले आहे, पुढचे पैसे इथे भरा’ असे खोटे ईमेल आणि संदेश पाठवणारे लोक टपून असतात. असे काही आले, अगदी आमच्या नावाने आणि आमच्या शिक्क्यासह आले, तरी पैसे भरू नका. पाटीवरच्या क्रमांकावर फोन करून विचारा. पुढे कधी खाते बदललेच, तर आपला पर्यवेक्षक पत्र घेऊन स्वतः येईल.

आम्ही एकत्र का येतो आहोत, हेही आपल्याला कळायला हवे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या अनेक लिफ्टच्या कंट्रोलरचे कार्ड आता बनतच नाही. कार्ड गेले की पूर्ण कंट्रोलर बदला, असे सांगण्याची वेळ आमच्यावर वारंवार येत होती आणि तो खर्च ग्राहकावर पडत होता. एका कंपनीकडे अशी कार्डे दुरुस्त करणारी चांगली कार्यशाळा होती, पण माणसे कमी होती. दुसरीकडे माणसे भरपूर, कार्यशाळा नव्हती. जुन्या लिफ्ट असलेल्या ग्राहकांना याचा फायदा सर्वांत आधी दिसेल असे मला वाटते. मात्र पहिले दोन-तीन महिने सुट्या भागांची दोन गोदामे एकत्र होत असतील. या काळात एखादा किरकोळ भाग यायला नेहमीपेक्षा एखादा दिवस जास्त लागू शकतो. ब्रेक, दोर, दाराचे कुलूप अशा सुरक्षिततेच्या भागांचा साठा म्हणून आम्ही हलवलेलाच नाही, तो दोन्ही ठिकाणी तसाच ठेवला आहे.

यातल्या कशात आम्ही कमी पडलो, तर नियंत्रण कक्षाला ‘सेवा प्रमुखांशी बोलायचे आहे’ एवढेच सांगा. त्याच दिवशी मी स्वतः फोन करेन.

शेवटी आपल्याकडून एक मदत हवी आहे. ३० जूनच्या आत एकदा आपल्या प्रत्येक लिफ्टमध्ये जाऊन पाटीवरचा क्रमांक नीट वाचता येतो का ते पाहा आणि तो लावून बघा. पुसट झाला असेल तर त्याच फोनवर सांगा, दोन दिवसांत नवी पाटी लावून देऊ.

आपला स्नेहांकित,
सेवा विभाग प्रमुख