मुदत कर्जाच्या परतफेडीची पुनर्रचना करण्याबाबत

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक

महोदय,

आमच्या मुदत कर्जाची २४० लाख मुद्दल बाकी असून ४० हप्ते उरले आहेत. दरमहा ६ लाख मुद्दल आणि सुमारे २ लाख व्याज जाते. आजवर एकही हप्ता थकलेला नाही. थकण्याआधीच हे पत्र लिहीत आहे.

ऑर्डर कमी झालेल्या नाहीत, अडचण वसुलीची आहे. आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाने उधारीची मुदत ४५ वरून ९० दिवसांवर नेली. त्याची महिन्याची खरेदी ३० लाखांची, म्हणजे ४५ लाख येण्यात अडकले. कच्चा माल मात्र रोखीनेच घ्यावा लागतो.

सोबतच्या रोख प्रवाह अंदाजानुसार खर्च, कर आणि कॅश क्रेडिटचे व्याज वजा जाता पुढील चार तिमाहींत अनुक्रमे ९, १२, २२ व २६ लाख उरतात. सध्याच्या हप्त्यांना तिमाहीला सुमारे २४ लाख लागतात.

म्हणून विनंती अशी की, सहा महिने मुद्दल स्थगित ठेवावे (व्याज दरमहा भरूच) आणि त्यानंतर दरमहा ४ लाखांप्रमाणे ६० हप्ते करून द्यावेत. तिसऱ्या तिमाहीपासून गरज १८ लाखांवर येते. वसुली आणखी महिनाभर लांबली तरी त्या तिमाहीत साडेअठरा लाख उरतात. काठावर, पण भागते. अंदाजात फक्त हाती असलेल्या ऑर्डर धरल्या आहेत, तोंडी आश्वासने नाहीत.

येणेबाकीची वयवार यादी व स्टॉक स्टेटमेंट दरमहा देऊ. पुढचा हप्ता १० तारखेला आहे, त्याआधी भेटीची वेळ मिळावी.

आपला विश्वासू,
वित्त प्रमुख

सोबत : १२ महिन्यांचा रोख प्रवाह अंदाज, येणेबाकी यादी