उपवास भाजणी : फळी आणि पोस्टरची खात्री हवी

काका, नमस्कार.

आपली नवी उपवास भाजणी घटस्थापनेच्या आठवडाभर आधी दांडिया बाजारातल्या तुमच्या दुकानात पोहोचेल. साबुदाणा-वरीशेजारची, नजरेच्या उंचीवरची 3 फूट फळी देतो म्हणाला होतात. ती नक्की धरू ना? 500 ग्रॅमची 24 पाकिटं तिथे नीट मावतील. खालची फळी मात्र नको, तिथे नवा माल कुणाला दिसतच नाही.

सोबत 2 पोस्टर, फळीची पट्टी आणि काउंटरवरचा छोटा स्टँड देतोय, मजकूर मराठी-गुजराती दोन्हींत. स्टँडसाठी जागा किती ते मोजून कळवा, छपाई त्यावरच अडली आहे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत फळीचा फोटोही पाठवा, म्हणजे शुक्रवारी आमचा माणूस सगळं लावून देईल.