सुसज्ज सदनिकेच्या भाडेकरारातील अटी

५. सदनिकेतील पलंग, सोफा, दोन कपाटे, फ्रीज, वॉशिंग मशीन व गीझर यांची छायाचित्रांसह यादी परिशिष्ट ‘अ’ म्हणून जोडली असून, ताबा घेतल्यापासून ७ दिवसांत भाडेकरूने लेखी कळवलेला दोष आधीपासूनचा मानला जाईल. सोफ्याच्या उजव्या हातावरील डाग, पुढे वाद नको म्हणून, येथेच नमूद केला आहे.

६. वीज, गॅस व इंटरनेटची देयके भाडेकरू भरेल. सोसायटीचा देखभाल खर्च मालकाकडे राहील.

७. करार ११ महिन्यांचा असून पहिले ६ महिने लॉक-इन राहील. त्या काळात भाडेकरूने सदनिका सोडल्यास उर्वरित लॉक-इन महिन्यांचे भाडे देय होईल. मात्र मालकाने कलम ८ मधील दुरुस्ती टाळल्यामुळे सदनिका सोडावी लागल्यास हे बंधन लागू नाही.

८. नळाचे वॉशर, बल्ब यांसारखी किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने, तर गळती, वायरिंग व वापरातील नैसर्गिक झिजेने बंद पडलेल्या उपकरणांची दुरुस्ती मालकाने, लेखी सूचनेपासून १० दिवसांत करावी. निष्काळजीपणाने झालेल्या नुकसानीचा प्रत्यक्ष खर्च पावतीनिशी अनामत रकमेतून वजा होईल. सर्वसाधारण झिजेसाठी कोणतीही कपात होणार नाही.