पंढरपुरात नेमके काय विकू नये? उपजीविका आणि वारीचा अस्सलपणा

तीर्थक्षेत्रांचे बाजारीकरण झाले, अशी तक्रार पंढरपूरबद्दल सर्रास ऐकू येते. पण व्यापार आला की भक्ती गेली, हे गृहीतक मला मान्य नाही. पंढरीला बाजार वारीइतकाच जुना असावा. बुक्का, कुंकू, चुरमुरे, टाळ, घोंगडी यांवाचून वारकऱ्याची वारी पुरी होत नाही.

तुळशीची माळच घ्या. काशीकापडी समाजातली कितीतरी घरे हेच काम करतात. वाळलेली काडी तासायची, तिचे मणी कापायचे, प्रत्येकाला भोक पाडायचे, मग दोऱ्यात ओवायचे. बायका-पोरांसकट सगळे घर त्यात गुंतलेले असते. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांवर वर्षाचे गणित बसवायचे. या हातांना ‘बाजारीकरण’ म्हणणे अन्यायाचे आहे. दुसऱ्याच लाकडाचे मणी तुळशीचे म्हणून स्वस्तात खपवले जातात, तेव्हा मात्र कारागीर आणि वारकरी दोघेही नाडले जातात. इथे उपजीविका आणि अस्सलपणा एकाच बाजूला उभे आहेत.

खोल्यांचेही तसेच. गावातल्या कित्येक घरांत तीच दिंडी पिढ्यान्‌पिढ्या उतरते. भाडे घेतले जाते, पण ओळखही जपली जाते, लेकीबाळींची विचारपूस होते. लॉजमध्ये हे नाते जुळत नाही. तरीही लॉज नकोत असे म्हणता येणार नाही; थकल्या म्हाताऱ्यांना स्वच्छ संडास आणि न्हाणीघर हवेच.

मग काय विकू नये? माझ्या मते, विठोबाची जवळीक. १९४७ साली साने गुरुजींनी दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषण केले, ते पायरीवर कुणाचा अडसर नसावा म्हणून. १९७३ च्या मंदिर कायद्याने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवले; त्यावरची न्यायालयीन लढाई सर्वोच्च न्यायालयात २०१४ साली निकाली निघाली. एवढे झगडून मोकळी केलेली वाट पैशाने किंवा वशिल्याने पुन्हा अडवली, तर ते खरे बाजारीकरण. आषाढीत देवाचा पलंग काढतात, नित्योपचार आवरते घेतात आणि रात्रंदिवस दर्शन चालू ठेवतात. देवानेही झोप सोडावी इतका रांगेतल्या माणसाचा मान मोठा, ही इथली रीत आहे.

मंदिराभोवतीच्या प्रस्तावित कॉरिडॉरकडे मी याच नजरेने पाहतो. गर्दीत चेंगराचेंगरीची भीती खरी आहे, रस्ते मोकळे हवेत. पण प्रदक्षिणा मार्गावरचे माळवाले, बुक्कावाले आणि जुने वाडे उठवून त्या जागी भाड्याचे गाळे काढले, तर ते परवडणारे दुकानदार वेगळे असतील. म्हणून पाडकामाआधी तीन गोष्टी लेखी ठराव्यात: सध्याच्या भाडेकरूंना आणि रस्त्यावर बसणाऱ्यांनाही मंदिरालगतच जागा, काम चालू असतानाच्या वाऱ्यांची भरपाई आणि पैसे भरून रांग ओलांडण्यास कायमची बंदी. निर्णयाच्या बैठकीला वारकऱ्यांच्या फडांचे प्रमुख असलेल्या फडकऱ्यांइतकेच माळ ओवणाऱ्या बायांनाही बोलवावे.