विषय : वेतनपत्रक व भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींतील नाव आणि जन्मतारीख दुरुस्त करण्याबाबत

कुंडई, फोंडा
दि. १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मनुष्यबळ व वेतन विभाग,
कारखाना कार्यालय, कुंडई औद्योगिक वसाहत,
फोंडा, गोवा

महोदया,

मी, सुरेश रमाकांत गावडे, आपल्या कारखान्याच्या पॅकिंग विभागात जून २००९ पासून कायम कामगार म्हणून कार्यरत असून माझा कर्मचारी क्रमांक २१४ आहे. मुलीच्या लग्नासाठी भविष्य निर्वाह निधीतून आगाऊ रक्कम मिळावी म्हणून मी गेल्या महिन्यात ऑनलाइन दावा केला होता. खातेदाराचे नाव बँक खात्यावरील नावाशी जुळत नसल्याच्या कारणावरून तो परत आला. त्यानंतर मी पगाराची पावती आणि यूएएनचे पान शेजारी ठेवून तपासले, तेव्हा नावाबरोबर जन्मतारखेतही चूक असल्याचे दिसून आले.

दोन्हीकडे माझे नाव SURESH R GAWADE असे नोंदले आहे. आधार, पॅन, बँक पासबुक आणि दहावीचे प्रमाणपत्र या सर्वांवर मात्र ते SURESH RAMAKANT GAUDE असे आहे. आपल्या भागात दोन्ही अक्षरयोजना गावडे अशाच वाचल्या जातात, त्यामुळे आजवर कोणाला काही खटकले नाही. परंतु संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी माणसे ठरतात. जन्मतारखेत दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली आहे. माझी खरी जन्मतारीख ०७/०३/१९७१, म्हणजे ७ मार्च, असताना नोंदीत ०३/०७/१९७१, म्हणजे ३ जुलै, अशी आहे. माझ्या वैयक्तिक फाईलमध्ये २००९ साली मी स्वहस्ते भरलेला नोकरीचा अर्ज आहे, त्याच्या पहिल्याच पानावर ही तारीख बरोबर लिहिलेली आहे. तो अर्ज आपण अवश्य काढून पाहावा.

निवृत्ती जवळ आल्यावर कामगार जन्मतारीख बदलून मागतो तेव्हा वय कमी दाखवून नोकरी लांबवण्याचा हेतू असावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे आणि ती विभागाने घ्यावीही. माझ्या बाबतीत स्थिती उलट आहे, कारण खऱ्या तारखेप्रमाणे मी ३ जुलै २०२९ ऐवजी ७ मार्च २०२९ रोजीच ५८ वर्षे पूर्ण करतो, म्हणजे दुरुस्तीने माझी नोकरी जवळजवळ चार महिन्यांनी कमी होते. तरीही ही दुरुस्ती मला हवी आहे. कर्मचारी पेन्शन योजनेत ५८ वर्षे पूर्ण झाली की मालकाच्या वाट्यातील पेन्शनचा भाग, जो १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर ८.३३ टक्क्यांनी दरमहा १,२५० रुपये होतो, पेन्शन खात्यात भरणे थांबवून भविष्य निर्वाह निधीत जमा करावा लागतो. चुकीच्या तारखेमुळे तो पुढेही पेन्शन खात्यात जात राहिला, तर ऐन पेन्शनच्या अर्जाच्या वेळी हिशेब उलटा फिरवावा लागेल, आणि तो त्रास आपल्या विभागालाही चुकणार नाही.

माझा यूएएन २०१४ सालचा, म्हणजे १ ऑक्टोबर २०१७ पूर्वीचा असल्यामुळे केवळ माझ्या अर्जाने ही दुरुस्ती होत नाही, तिला मालकाची मंजुरी लागते. म्हणून विनंती आहे की, मी सदस्य पोर्टलवरून संयुक्त घोषणापत्र सादर केल्यावर ते कंपनीच्या लॉगिनमधून अधिकृत अधिकाऱ्यांच्या डिजिटल सहीने मंजूर करावे. त्याच सुमारास वेतनपत्रक, सेवा नोंद, फॉर्म १६, ग्रॅच्युइटी आणि गट विम्याच्या नोंदीही दुरुस्त कराव्यात, कारण एकीकडे बदल होऊन दुसरीकडे जुनेच नाव राहिले तर पुढचा दावा पुन्हा अडेल. आणखी एक, दुरुस्तीचा सोपा मार्ग म्हणून माझ्या नावाने नवा यूएएन कृपया काढू नये; तसे झाल्यास जुनी सेवा नव्या खात्याशी जोडून घेण्याचे काम वाढेल.

सोबत आधार, पॅन, बँक पासबुकाचे पहिले पान, फोंडा येथील नागरी निबंधक कार्यालयाने दिलेला जन्मदाखला, गोवा शालान्त मंडळाचे दहावीचे प्रमाणपत्र आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र यांच्या स्वसाक्षांकित प्रती जोडल्या आहेत. मूळ कागद कोणत्याही दिवशी पहिली पाळी संपल्यावर मी आपल्या टेबलावर आणून दाखवू शकतो.

या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का देऊन ती मला परत द्यावी आणि घोषणापत्र मंजूर झाल्यावर तसे लेखी कळवावे, ही विनंती. लग्न डिसेंबरमध्ये असल्याने सप्टेंबरअखेर दुरुस्ती झाली, तर मला दावा पुन्हा वेळेत करता येईल.

आपला विश्वासू,

(सही)
सुरेश रमाकांत गावडे
कर्मचारी क्रमांक २१४, पॅकिंग विभाग