कोळशाला पर्याय म्हणून अणुवीज : हिशेब कुठे लागतो, कुठे अडतो

गुजरातमधील काक्रापारच्या तिसऱ्या अणुभट्टीतून 2023 साली व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. तिची क्षमता 700 मेगावॉट आहे. वर्षभर सरासरी 80 टक्के क्षमतेने चालली, तर ती 490 कोटी युनिट वीज देईल. तेवढीच वीज कोळशावर काढायची तर 30 लाख टनांहून अधिक कोळसा जाळावा लागेल. त्यातून 40 लाख टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल आणि दहा लाख टनांच्या आसपास राख उरेल. खाणकामापासून भट्टी मोडीत काढण्यापर्यंतचे सगळे उत्सर्जन धरले, तर आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या 2014 च्या अहवालातला मध्यांक अणुविजेसाठी युनिटमागे 12 ग्रॅम, जमिनीवरील पवनविजेसाठी 11 ग्रॅम आणि कोळशासाठी 820 ग्रॅम आहे. उत्सर्जनाच्या बाजूने वाद घालायला फारशी जागा उरत नाही.

नियोजनात मात्र ही वीज कोणाची जागा घेणार, हे आधी ठरवावे लागते. दुपारी सौरवीज स्वस्तात मिळते, खरी ओढाताण सूर्य मावळल्यावर सुरू होते. काक्रापारसारख्या जड पाण्याच्या भट्टीत नैसर्गिक युरेनियम वापरतात, त्यामुळे तिची साखळी प्रक्रिया टिकवण्याची शिल्लक ताकद मुळातच बेताची असते. भट्टी अचानक बंद पडली की विखंडनाच्या अवशेषांतून येणारा झेनॉन-135 वायू साचतो, साखळी प्रक्रिया चालवणारे न्यूट्रॉन गिळतो आणि दीड दिवसाच्या आसपास ती पुन्हा सुरू करता येत नाही. म्हणून दुपारी कमी, रात्री जास्त अशी कसरत तिच्याकडून करून घेऊ नये. तिने सलग चालावे आणि कोळशाचे सलग चालणारे संच बंद करावेत. कोळसा तसाच ठेवून दुपारी सौरवीज अडवायची असेल, तर अणुभट्टीवरचा खर्च पाण्यात गेला असे समजावे.

सुरक्षेची चर्चा बहुधा स्फोटाच्या भीतीपाशी अडकते. धोका खरा असतो तो भट्टी बंद झाल्यानंतरच्या उष्णतेत. बंद होताक्षणी औष्णिक शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच राहते. 700 मेगावॉटच्या संचात ती सव्वाशे मेगावॉटच्या वर जाते, आणि एक दिवसानंतरही दहाच्या आसपास असते. ती काढायला पाणी लागते आणि पाणी फिरवायला वीज. फुकुशिमात 2011 साली त्सुनामीने आणीबाणीची जनित्रे निकामी केली आणि पुढचे सगळे त्यातून घडले.

आपल्याकडचा, उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्राचा धडा याहून उपयोगाचा आहे, कारण तिथे समुद्र नव्हता. 31 मार्च 1993 रोजी टर्बाइनची पाती तुटली, कंपनांमुळे जनित्राला थंड ठेवणारा हायड्रोजन गळला आणि आग लागली. मुख्य आणि आणीबाणीच्या वीजपुरवठ्याच्या केबल पुरेशा वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या, त्यामुळे दोन्ही एकाच आगीत जळल्या. सुमारे 17 तास संचाला वीज नव्हती. नियंत्रण कक्षात धूर शिरला. अखेर डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी बाष्पजनित्रांत पाणी सोडून उष्णता काढली. किरणोत्सार बाहेर पडला नाही. पण एवढी मोठी भट्टी केबलच्या मार्गावर आणि आगीच्या पंपावर अवलंबून होती, हे विसरू नये. 700 मेगावॉटच्या संचांत वीज नसतानाही नैसर्गिक अभिसरणाने उष्णता काढण्याची सोय आहे. परवाना देताना तिची प्रत्यक्ष चाचणी कागदोपत्री अहवालापेक्षा जास्त वजनाची धरली पाहिजे.

आता कचरा. अशा संचातून वर्षाला सुमारे 90 टन वापरलेले इंधन निघते. ते आधी काही वर्षे पाण्याच्या तलावात थंड होते. भारतात त्यावर पुनर्प्रक्रिया करण्याचे, म्हणजे त्यातले युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढण्याचे धोरण आहे. टनामागे विखंडनातून तयार झालेले पदार्थ जेमतेम सात किलो असतात. उरलेले जवळजवळ सगळे युरेनियम, थोडे प्लुटोनियम. हे सात किलो बोरोसिलिकेट काचेत वितळवून स्टेनलेस स्टीलच्या डब्यांत ओततात. तारापूरला हे डबे हवेच्या नैसर्गिक खेळतेपणाने थंड ठेवणारी साठवण आहे, पंखा लागत नाही. सीझियम-137 चे अर्धायुष्य 30 वर्षांचे, म्हणजे 300 वर्षांत ते हजाराव्या हिश्श्यावर येते. डब्यांची ही राखण अभियांत्रिकीच्या आवाक्यातली आहे. पुनर्प्रक्रिया न करता इंधन तसेच पुरायचे ठरवले, तर 24 हजार वर्षे अर्धायुष्य असलेले प्लुटोनियम-239 सोबत येते आणि हिशेब बदलतो.

कायमस्वरूपी खोल भूगर्भीय भांडार आपल्याकडे अजून नाही. फिनलंडने ओन्कालो येथे 400 मीटरहून अधिक खोल, कठीण खडकात ते खोदले. 2047 पर्यंत 100 गिगावॉट अणुविजेचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या देशाने पुनर्प्रक्रियेची क्षमता आणि भांडाराची जागा त्याच तक्त्यात लिहिली पाहिजे, नाहीतर वापरलेले इंधन भट्ट्यांच्या आवारातच साचत जाईल. जैतापूरला 1650 मेगावॉटचे सहा संच प्रस्तावित आहेत. तिथल्या लोकांनी कचरा कुठे जाणार असे विचारले, तर त्यांना जागेचे नाव सांगता यायला हवे.