बारावी बोर्ड सराव : टिपणे काढा आणि सारांश लिहा (गुण 5 + 3)

प्रश्न. पुढील उतारा वाचा. (अ) योग्य शीर्षक देऊन मुद्दे व उपमुद्दे यांत टिपणे काढा. किमान चार संक्षेप वापरा व त्यांची सूची द्या. (आ) टिपणांच्या आधारे सुमारे 60 शब्दांत सारांश लिहा.

उतारा

पांझरा आणि मोसम या नद्यांना उन्हाळ्यात फारसे पाणी नसते. तरीही धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या काही गावांनी त्यांच्या काठी शेकडो वर्षे ऊस आणि गहू पिकवला. त्यांनी नदीवर बुटके दगडी बंधारे घातले. पाणी साठवण्यापेक्षा ते शेताकडे वळवणे हा त्यांचा हेतू. बंधाऱ्यापासून पाट निघतो, पाटाला चाऱ्या फुटतात आणि पाणी आपल्या उताराने चालत जाते. ना मोट, ना पंप.

खरी गंमत मात्र बंधाऱ्यात नाही, वाटपात आहे. गावची बागायत तीन-चार मोठ्या तुकड्यांत विभागलेली असते. अशा तुकड्याला फड म्हणतात. एका फडात कितीही जणांच्या जमिनी असोत, पीक एकच घ्यायचे. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू. पुढच्या वर्षी पाळी बदलते. पाणी कमी पडेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवतात. बहुतेकांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्यामुळे तोटा एकट्याच्या माथी येत नाही.

हा कारभार गावच पाहत आले. पाटकरी पाणी सोडतो, जागल्या पिकांची राखण करतो, हवालदार त्यांच्या कामावर नजर ठेवतो. मोबदला पिकातून मिळतो. पाटातला गाळ काढायला शेतकरी स्वतः उतरतात.

पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या, ज्याच्या त्याच्या मळ्यात पंप आला. पाण्यासाठी शेजाऱ्याशी बोलायची गरज उरली नाही. पुष्कळ फड मोडले.

उत्तर (अ)

शीर्षक : फड पद्धत – गावाने वाटलेले पाणी

1. पाणी आणणे
 1.1 ठिकाण – धुळे, नाशिक जि.; पांझरा, मोसम न.
 1.2 बं. → पा. → चाऱ्या → शेत
 1.3 उताराने प्रवाह, मोट/पंप नाही

2. वाटप
 2.1 बागायतीचे 3-4 फ.
 2.2 1 फ. = 1 पीक; द.व. पाळी बदल
 2.3 पा. कमी → 1 फ. कोरडा
 2.4 शे. जमीन निरनिराळ्या फ.त → तोटा विभागला

3. कारभार
 3.1 पाटकरी – पा. सोडणे
 3.2 जागल्या – राखण
 3.3 हवालदार – देखरेख
 3.4 मोबदला पिकातून. गाळ काढणे – शे.

4. ऱ्हास
 4.1 वर धरणे
 4.2 विहिरी + पंप

संक्षेप सूची : जि. = जिल्हा, न. = नदी, बं. = बंधारा, पा. = पाणी, फ. = फड, द.व. = दरवर्षी, शे. = शेतकरी

उत्तर (आ) सारांश

पांझरा-मोसम काठच्या गावांनी दगडी बंधाऱ्यांनी वळवलेल्या पाण्यावर फड पद्धतीची शेती उभारली. बागायतीचे तीन-चार फड करून प्रत्येकात एकच पीक घेत आणि दरवर्षी पाळी बदलत. टंचाईत एखादा फड कोरडा ठेवून तोटा वाटून घेत. पाटकरी, जागल्या, हवालदार यांच्यामार्फत गावच कारभार पाही. धरणे, विहिरी, पंप आल्यावर पुष्कळ फड मोडले. सरकारने ही पद्धत पुन्हा सुरू करावी.

तपासणाऱ्या बाईंचा शेरा

टिपणे 4, सारांश 2. एकूण 8 पैकी 6.

शीर्षक छान, उताऱ्यातले वाक्य उचललेले नाही. पण 1.2 मधले ‘पा.’ म्हणजे पाणी की पाट? सूचीत पाणी लिहिलंयस आणि तिथे तर पाट हवा. ‘पाट’ पूर्ण लिही, अक्षरं दोनच आहेत. ‘फड’चंही तेच, फ. करून तू काय वाचवलंस? त्यापेक्षा ‘बागायत’चा संक्षेप करायचा.

4 मध्ये कारणं आली, परिणाम राहिला. फड मोडले हे टिपणांत कुठेच नाही, सारांशात मात्र आहे. म्हणजे सारांश लिहिताना तू पुन्हा उताऱ्याकडे वळलीस. त्याचा अर्धा गुण कापला. उरलेला अर्धा ‘पा.’चा.

शेवटचं वाक्य कितीही पटत असलं तरी उताऱ्यात नाही. लाल रेघ मारली आहे, एक गुण त्याचा. त्या जागी गाळ काढण्याचा मुद्दा बसला असता, तो सारांशातून सुटलाय.